तीन चमक

स्नेहसंमेलनातल्या आनंदमेळ्यासाठी आम्ही दोघांनी एक छोटा मोबाईल गेम केला होता. संगणकाची बाजू माझ्या कन्नड मित्राची, हिशेबाची माझी. पडद्यावर एक चक्र फिरायचे, आणि बक्षीस लागले की सारा पडदा काळा-पांढरा, काळा-पांढरा असा लखलखायचा. तो लखलखाट माझीच कल्पना. सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर तो फार शोभला असता, असे मला वाटत होते.

तालमीच्या दिवशी माझी चौदा वर्षांची मामेबहीण गंमत पाहायला आली होती. दिवे मालवलेले, ती पहिल्या रांगेत. चक्र थांबले, पडदा लखलखला आणि चार-पाच सेकंदांत ती खुर्चीवरून खाली घसरली. हातपाय ताठ, मग झटके. कुणी कांदा आणायला धावले, कुणी चप्पल पुढे केली. मित्र "साकु, निल्सू!" म्हणून स्वतःवरच ओरडत वायर उपटत होता. आमच्या एका प्राध्यापिकेने मात्र सगळ्यांना मागे सारले, तिला कुशीवर वळवले, तोंडात काही घालू दिले नाही आणि घड्याळ पाहत बसल्या. दोन मिनिटांत झटके थांबले.

पुढे मेंदूचा आलेख काढताना डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून पाहिला तेव्हा उलगडा झाला. अपस्मार असलेल्या शंभरांतल्या साधारण तिघांना अशा प्रकाशाने झटका येतो. त्यांत मुले अधिक, आणि पुष्कळांना पहिल्या झटक्यापर्यंत त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे "ज्यांना त्रास आहे त्यांनी पाहू नये" अशी पाटी लावून आम्ही सुटलो नसतो.

मग मी नियम वाचायला बसलो. वेबसाठीच्या मार्गदर्शिकेत एक वाक्य आहे: कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा अधिक चमका नकोत. आता चमक म्हणजे काय? पडदा उजळला आणि पुन्हा काळवंडला, ही दोन्ही मिळून एक. आम्हां वाणिज्यवाल्यांना हे चटकन कळावे: नावे आणि जमा मिळूनच नोंद पुरी होते. आमची ओळ अशी होती:

```
setInterval(flip, 50);
```

दर ५० मिलिसेकंदांनी एक बदल, सेकंदाला २० बदल, म्हणजे १० चमका. मर्यादेच्या तिप्पटीहून जास्त!

मित्र म्हणाला, पांढऱ्याऐवजी लाल घालू, सौम्य दिसेल. नेमके तेच करायचे नव्हते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून-पालटून दाखवले गेले, आणि जवळपास ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. गडद लाल रंगाचे लुकलुकणे विशेष घातक. म्हणून नियमांत लाल चमकांची मोजणी वेगळी होते.

दुसरी सूचना आकाराची: चमकणारा भाग पुरेसा लहान असेल तर अधिक चमकाही चालतात. फूटभर अंतरावर धरलेल्या मोबाईलवर ही सूट साधारण साडेपाच चौरस सेंटिमीटरची, म्हणजे बाजूला जेमतेम २.३ सेंटिमीटर. चक्रावरचे नाणे तेवढेच होते. पण तेच नाणे सभागृहाच्या पडद्यावर पहिल्या रांगेतल्या मुलीला केवढे दिसणार? आपले चित्र कोण कुठे बसून पाहील हे आपल्या हाती नसते, म्हणून आम्ही आकाराची सवलत सोडूनच दिली.

उरला वेग आणि उजेडातला फरक. उजेडाचा बदल पूर्ण पांढऱ्याच्या दहा टक्क्यांहून कमी असला तर तो चमकेत धरत नाहीत. म्हणून पार्श्वभूमी कायम फिक्या सायीच्या रंगाची ठेवली आणि बक्षीस लागल्यावर नाणे अर्ध्या सेकंदात हळूहळू उजळते, एकदाच, आणि तसेच राहते. मोजणी डोळ्यांवर सोडली नाही. पडद्याचे चित्रण करून ते चौकटी-चौकटीने पुढे सरकवले. जुन्या चित्रणात, सेकंदाला ६० चौकटी धरून, तीन पांढऱ्या, तीन काळ्या, असा पट्टा सरळ दिसत होता. नव्यात तसे काही नाही.

यानेही धोका अगदी शून्यावर येत नाही. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. अचानक काही लुकलुकू लागले तर डोळे नुसते मिटायचे नाहीत, कारण पापणीतून उजेड लालसर होऊन आत येतोच; एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायचे, हेही त्यांनीच तिला शिकवले.

आनंदमेळ्याच्या दिवशी ती आली. मी म्हटले, "मागे बस गं, शेवटच्या रांगेत, आणि मध्ये एक दिवा राहू दे." ती बसली. चक्र थांबले, नाणे उजळले. तिने हात डोळ्याजवळ नेलेला होता, तो खाली घेतला आणि तिथूनच ओरडली, "दादा, एवढंच? फारच साधं झालं की रे!"