अंतरपाटाच्या अलीकडे

कार्तिकातली संध्याकाळ अंगणात जरा लवकरच उतरते. सारवलेल्या जमिनीचा ओला वास, वृंदावनावर दुपारी फिरवलेल्या गेरूचा मातकट वास आणि पडवीत रचलेल्या उसांचा गोडसर हिरवा वास एकमेकांत मिसळतात, आणि आषाढी एकादशीला निजलेला देव काल प्रबोधिनीला जागा झाला, हे पंचांग उघडण्याआधी नाकालाच कळतं. आज द्वादशी. पौर्णिमेपर्यंत कधीही हे लग्न लावतात, पण आमच्या घरी आजच.

गोरज गाठायची.

तुळस मात्र या दिवसांत नवरीसारखी दिसत नाही. चार महिन्यांच्या पावसानं ती उंच, किडकिडीत झालेली असते, बुंधा लाकडासारखा आणि शेंडे मंजिऱ्यांनी वाळलेले. म्हणून आई आठवडाभर आधीच वाळक्या मंजिऱ्या काढून ठेवायची. द्वादशीला तुळस खुडायची नाही, हा तिचा कडक नेम. मग लग्नाच्या दिवशी ती कुंडीत एका बाजूला आवळ्याची फांदी खोचायची, दुसऱ्या बाजूला चिंचेची, आकड्यांसकट. चार कोपऱ्यांना चार ऊस उभे करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधले की झाला मांडव. वृंदावनावर चुन्यानं ‘राधा दामोदर प्रसन्न’ लिहायचं काम माझं. ‘प्र’ नेहमी मोठा व्हायचा आणि ‘न्न’ला जागा उरायची नाही.

सगळ्यात नाजूक काम बांगडीचं. हिरवी काचेची बांगडी फांदीत घालताना पानं चुरगळू नयेत म्हणून आई सगळी पानं मुठीत हलकेच वर गोळा करायची, लहान मुलीचे केस वेणीसाठी धरावेत तशी, आणि बांगडी खाली सरकवायची. तरी एखादं पान दुखावायचंच. तो उग्र, कापरासारखा वास तिच्या बोटांना रात्रीपर्यंत राहायचा. मग हळद, कुंकू, काळ्या मण्यांची पोत, खण.

नवरदेव म्हणजे देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण, बोटभर उंचीचा, रांगता. काही घरी शाळिग्राम असतो, गंडकी नदीतला काळा गुळगुळीत दगड. काका बाळकृष्णाला पंचामृतानं न्हाऊ घालून ताम्हनात ठेवत, वृंदावनापाशी आणत. मध्ये अंतरपाट, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला, दोन टोकांना दोघं पोरं. मंगलाष्टकं सुरू झाली की पणत्यांच्या उजेडात त्या कापडावर तुळशीची सावली पडायची आणि वाऱ्यानं थरथरायची, आणि मला वाटायचं, ही आत्ता काहीतरी आठवत असेल.

कारण तिची गोष्ट आजीनं सांगितलेली होती. वृंदा जालंधराची बायको. तिच्या पातिव्रत्याच्या बळावर तो दैत्य देवांनाही हार जात नव्हता. मग विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्या दारी गेला. नवरा आला म्हणून तिनं त्याचे पाय धुतले, आणि तिकडे रणात तिचा खरा नवरा पडला. कळलं तेव्हा तिनं देवाला शाप दिला, ‘दगड हो’. मग ती अग्नीत शिरली. त्या राखेतून तुळस उगवली. दगड झालेला तो शाळिग्राम. ज्याच्यामुळे घर मोडलं, त्याच्याशीच हे लग्न. आजी इथे थांबायची, वात पुढे सारायची, आणि पुढचं काही सांगायची नाही.

लहानपणी मला हे लग्न म्हणजे उसाचं कांडं आणि चुरमुरे. आता अंतरपाटापाशी उभी राहिले की वेगळंच दिसतं. सगळ्या लग्नांत मुलगी उठून जाते. इथे नवरीची मुळं तिच्याच मातीत असतात आणि नवऱ्याला ताम्हनात बसून तिच्या अंगणात यावं लागतं. दर वर्षी. तिनं दिलेला शाप अंगावर घेऊन. ही क्षमा आहे की नुसती आठवण, मला ठरवता येत नाही. पण या लग्नात कमीपणा घेतो तो देव, असं माझं पक्कं मत झालंय.

‘सावधान’ होतं. अंतरपाट निघतो, अक्षता पानांत अडकतात. हार, मग कन्यादान. आमच्याकडे ते ज्यांना मुलगी नाही त्या काका-काकूंनी करायचं, आणि काकू पाणी सोडताना दर वर्षी रडायची. आरती झाली की चातुर्मासात वर्ज्य केलेलं पुन्हा ताटात येतं, फांदीवरचा आवळा आणि चिंच त्या रात्री पहिल्यांदा खायची. उद्यापासून माणसांच्या लग्नांचे मुहूर्त.

अंगण रिकामं झालं की काका बाळकृष्णाला पुन्हा देव्हाऱ्यात नेत. तुळस तिथंच, बाहेर, दवात. दुसऱ्या दिवशी आई पाणी घालायला जायची तेव्हा बांगडीच्या काचेवर थेंब असायचे. ती बांगडी तिनं कधी काढली नाही.