झालेल्या बोलण्याप्रमाणे

२०१६ साली एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करण्याचे एका प्रकाशकांशी ठरले. ठरले ते फोनवर, दहा-पंधरा मिनिटांत. शब्दामागे ऐंशी पैसे, मुदत आठ महिने. फोन ठेवताना दोघांच्याही मनात किंतु नव्हता. अनुवाद वेळेवर पूर्ण झाला आणि मानधनाचा हिशेब करताना पहिल्यांदाच प्रश्न उभा राहिला : शब्द मोजायचे ते कोणते? मूळ पुस्तकातले की अनुवादातले?

मराठी शिकवणाऱ्या माणसाला खरे तर हा प्रश्न आधीच सुचायला हवा होता. इंग्रजीत 'घरामध्ये' म्हणायला तीन शब्द लागतात, मराठीत 'घरात' या एका शब्दात भागते. इंग्रजीतली उपपदे मराठीत नाहीतच, आणि तिथली शब्दयोगी अव्यये आपल्याकडे प्रत्यय होऊन नामाला चिकटतात. त्यामुळे मूळचे बासष्ट हजार शब्द माझ्या अनुवादात सत्तेचाळीस हजार झाले होते. माझ्या हिशेबाने मानधन ४९,६०० रुपये होत होते, प्रकाशकांच्या हिशेबाने ३७,६००. बारा हजारांचा फरक विभक्तिप्रत्ययांनी पाडला होता!

प्रकाशक लबाड नव्हते. त्यांच्याकडचे आधीचे अनुवाद हिंदीतून झालेले होते. 'शब्दामागे' या शब्दाचा अर्थ त्यांनी त्यांच्या अनुभवातून घेतला, मी माझ्या. एकमेकांचे म्हणणे आम्ही नीट ऐकले होते. ते मोघम आहे हे मात्र दोघांच्याही लक्षात आले नाही. शेवटी मधला आकडा काढला गेला, पण बोलण्यातला मोकळेपणा गेला तो गेलाच. त्यांनी नंतर मला काम दिले नाही, मीही मागितले नाही.

एका वकील स्नेह्यांनी तेव्हा सांगितले ते असे, की तोंडी करार कायद्याने करारच असतो. १८७२ चा करार कायदा सर्वसाधारणपणे लेखाची अट घालत नाही. अडते ते सिद्ध करताना. न्यायालयात तुमची आठवण आणि त्यांची आठवण समोरासमोर उभ्या राहतात, आणि दोन्ही प्रामाणिक असल्या तर न्यायाधीशाने करावे काय?

आपल्याकडे यावर तोडगा फार जुना आहे. लग्न ठरले की 'याद्या' होतात. देण्याघेण्याचे, मानपानाचे जे बोलणे झाले ते त्याच बैठकीत कागदावर उतरते, त्याला हळदकुंकू लागते आणि दोन्ही घरांकडे एकेक प्रत जाते. (त्या याद्यांत काय लिहिले जाई, याचा अभिमान बाळगावा असे नाही, मी रीतीबद्दल बोलते आहे.) बोलणे ताजे असतानाच आणि दोन्ही पक्षांच्या देखत ते लिहिले जाते, म्हणून त्याला वजन येते.

पुढच्या पुस्तकाचे बोलणे २०१९ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकांशी झाले. त्या दिवशी संध्याकाळीच मी त्यांना ईमेल पाठवली :

'सप्रेम नमस्कार. आज सकाळी फोनवर झालेले बोलणे मला समजले तसे लिहीत आहे. मानधन मूळ इंग्रजी शब्दसंख्येवर, शब्दामागे एक रुपया. निम्मी रक्कम हस्तलिखित दिल्यावर, उरलेली पुस्तक छापून आल्यावर. दोन वेळची प्रुफे मी वाचीन. त्याचे वेगळे मानधन नाही. मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव घालण्याविषयी आपण विचार करून सांगणार आहात, म्हणजे ते अजून ठरलेले नाही. माझ्या ऐकण्यात काही चूक असेल तर कृपया दुरुस्त करावे, आणि हे बरोबर असल्यास तसे दोन शब्द कळवावेत.'

ही ईमेल लिहिताना काही गोष्टींवर मी बराच वेळ घालवला होता. 'मला समजले तसे' या शब्दांमुळे समोरच्याला दुरुस्तीची वाट मोकळी राहते आणि लिहिणाऱ्याचा अविश्वास दिसत नाही. न ठरलेली गोष्ट 'ठरलेली नाही' म्हणून स्वतंत्र लिहिली, कारण नंतरचे बरेच वाद अशाच अर्धवट गोष्टींवरून होतात. आणि उत्तर मागितले. 'उत्तर न आल्यास संमती समजेन' असे लिहिण्याचा मोह होतो, पण त्यावर विसंबता येत नाही. १८६२ च्या एका प्रसिद्ध इंग्रजी खटल्यात एका काकाने पुतण्याला लिहिले होते, की काही कळवले नाहीस तर तीस पौंड पंधरा शिलिंगांना घोडा माझा झाला असे मानीन. पुतण्या गप्प राहिला. पुढे लिलाववाल्याने चुकून तो घोडा विकला, आणि न्यायालयाने ठरवले की घोडा काकाचा झालाच नव्हता. मौनातून करार होत नाही. मात्र तुमच्या पत्राला हरकत न घेता समोरचा त्याप्रमाणे पैसे देत आणि काम घेत गेला, तर त्या वागण्यातून संमती दिसू शकते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले : 'बरोबर आहे. नावाचे नंतर सांगतो.'

ईमेलने सगळेच भागते असे नाही. लेखनाचा स्वामित्वहक्क हस्तांतरित करायचा तर १९५७ च्या कायद्याला सही केलेला लेखच लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून हक्कांचा कागद आम्ही वेगळा केला. शिवाय ईमेलची छापील प्रत न्यायालयात आपोआप पुरावा होत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की मूळ साधन हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू झाला, त्यातही प्रमाणपत्राची अट आहे. तेव्हा मूळ ईमेल खात्यात जशीच्या तशी राहू द्यावी. नुसते पडद्याचे छायाचित्र पुरेसे समजू नये. महाविद्यालयाच्या पत्त्यावरून असा व्यवहार मी करत नाही. नोकरी सुटली की ते खाते बंद होते, आणि नोंद त्याच्याबरोबर जाते.

ती ईमेल पुन्हा उघडण्याची वेळ २०२१ मध्ये आली. पुस्तकाची दुसरी प्रुफे माझ्याकडे आली तेव्हा परीक्षांचे दिवस होते, पाने साडेतीनशे, आणि पहिल्या प्रुफातल्या निम्म्या चुका तशाच होत्या. मी प्रकाशकांना जरा तडकूनच लिहिले, की दुसऱ्या वाचनाचे वेगळे मानधन देण्याचे आपले बोलणे झाले होते. मला ते स्वच्छ आठवत होते. फोनवरचा त्यांचा आवाजसुद्धा आठवत होता.

त्यांनी वाद घातला नाही. माझीच २०१९ ची ईमेल मला परत पाठवली, वर एक ओळ लिहून : 'बाई, हे एकदा पाहावे.'

दोन वेळची प्रुफे मी वाचीन. त्याचे वेगळे मानधन नाही. वाक्य माझेच होते. जे स्वच्छ आठवत होते ते बहुधा दुसऱ्याच कुणाशी झालेले बोलणे असावे, किंवा झालेच नसावे. नोंद मी माझ्या बचावासाठी ठेवली होती आणि तिने बचाव त्यांचा केला. ती नसती तर मी याही माणसाला खोटा ठरवून मोकळी झाले असते. मग २०१६ च्या त्या फोनवर 'मूळ शब्दांवर' असे मी म्हटले होते, हे मला इतके पक्के आठवते, त्याचे काय?

मी उत्तर लिहिले, 'आपले बरोबर आहे, क्षमस्व. प्रुफे शनिवारपर्यंत पाठवते.' आणि पान एकपासून वाचायला घेतले.