लंब तारेबाहेर पडला तेव्हा

मर्यादित लांबीच्या सरळ तारेचं चुंबकीय क्षेत्र मी शिकवणीतल्या मुलांना कित्येक वर्षं शिकवत होतो आणि त्याचं सूत्र मला स्वतःला अर्धंच कळलं होतं. B = (μ₀I/4πa)(sin φ₁ + sin φ₂) एवढं फळ्यावर लिहायचं, खाली दोन रेघा ओढायच्या आणि गणितांकडे वळायचं. गणितंही सोयीचीच घ्यायचो: चौकोनी वेटोळ्याचा मध्य, नाहीतर तारेच्या मधोमध समोरचा बिंदू. उत्तरं बरोबर यायची, मग शंका कशाला येईल?

एका मुलीने जे गणित आणलं त्यात बिंदूपासून टाकलेला लंब तारेवर पडतच नव्हता. तारेची रेषा पुढे वाढवली तर तिथे पडत होता. तार ७ सेंमी, विद्युतधारा ६ अँपिअर, लंबाची लांबी १२ सेंमी. लंब जिथे पडतो तिथून तारेचं जवळचं टोक ९ सेंमी आणि दूरचं १६ सेंमी. बिंदूपासून टोकांची अंतरं झाली १५ आणि २० सेंमी, म्हणून दोन साइन ०.६ आणि ०.८. कंसाबाहेरचा गुणक ५ मायक्रोटेस्ला. मी बेरीज केली आणि ७ मायक्रोटेस्ला लिहून मोकळा झालो. पुस्तकामागे उत्तर १ होतं. मी बेधडक म्हणालो, ‘छपाईची चूक असेल.’

मुलगी गप्प बसणारी नव्हती. ‘पण सर, हीच तार बरोबर समोर आणून ठेवली तरी एवढं येत नाही.’ तिने वहीत करून दाखवलं: दोन्ही बाजूंना साडेतीन सेंमी, टोकांची अंतरं साडेबारा, प्रत्येक साइन ०.२८, क्षेत्र २.८ मायक्रोटेस्ला. १२ सेंमी लंबांतरावर ७ सेंमीची तार याहून जास्त क्षेत्र देऊच शकत नाही. बाजूला सरकवल्यावर ते कमी व्हायला हवं, आणि माझं तर अडीचपट झालं होतं.

त्या रात्री सूत्र बाजूला ठेवून बायो-सावर्टपासून सुरुवात केली. लंबापासून l अंतरावरचा dl लांबीचा तुकडा घेतला. बिंदूपासून त्याचं अंतर r, आणि लंब व r यांच्यातला कोन φ. तुकड्याचा वाटा (μ₀I/4π)(dl cos φ/r²). आता सगळं φ मध्ये आणायचं. r = a/cos φ हे सरळ आहे. पण dl च्या जागी मी घाईत a dφ लिहिलं, जणू तुकडा बिंदूभोवतीच्या वर्तुळाचा कंस आहे. त्यामुळे संकलनात cos³φ आला. अनंत लांबीच्या तारेसाठी −९०° ते ९०° घेतल्यावर त्याची किंमत ४/३ आली. तिथे २ यायला हवेत, तरच ओळखीचं μ₀I/2πa मिळतं. म्हणजे दुसरी चूक.

खरं तर कोन dφ ने वाढला की r त्रिज्येचा कंस होतो r dφ, a dφ नव्हे. शिवाय तार त्या कंसाला φ कोनात तिरकी आहे, म्हणून dl = r dφ/cos φ. एक cos अंतर वाढल्याचा आणि दुसरा तिरकेपणाचा, असे दोन मिळून dl = a dφ/cos²φ. l = a tan φ चं विकलन केलं तरी हेच येतं, पण हे दोन cos कुठून आले ते आकृतीतच दिसतं. हे घातलं की r² मधले cos कटतात आणि उरतं (μ₀I/4πa) cos φ dφ. संकलन केलं की (μ₀I/4πa)(sin φ₂ − sin φ₁).

वजाबाकी! बेरीज मुळात नव्हतीच. लंब तारेवर पडतो तेव्हा एक टोक लंबाच्या अलीकडे असतं, त्याचा φ₁ ऋण, आणि वजा-वजा मिळून अधिक होतं. मी शिकवत होतो ती एवढीच एक स्थिती. त्या मुलीच्या गणितात दोन्ही टोकं लंबाच्या एकाच बाजूला होती, म्हणून ०.८ − ०.६, गुणिले ५, म्हणजे १ मायक्रोटेस्ला. पडताळा म्हणून सगळी तार एकच तुकडा धरून मधल्या बिंदूचं अंतर घेतलं, तर सुमारे ०.९७ आलं. छपाई बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात जुनं सूत्र पुसलं, आकृतीत कोनांना चिन्हं दिली आणि चूक माझी होती हेही सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मग अँपिअरच्या नियमाने का नाही काढायचं?’ ते इथे जमत नाही. तो नियम बंद परिपथातल्या स्थिर धारेसाठी आहे आणि ७ सेंमीच्या तुटक्या तारेत स्थिर धारा वाहूच शकत नाही. आपण काढलेला १ मायक्रोटेस्ला हा परिपथाच्या एका तुकड्याचा वाटा आहे. उरलेल्या तारांचे वाटे वेगळे काढून सदिश पद्धतीने मिळवावे लागतात.