घट वाढीची नोटीस आणि सराफाचे उत्तर

जबलपूरच्या सराफ्यातील बहुतेक दुकानदार सर्व दागिने स्वतः घडवत नाहीत. ते घाऊक पुरवठादाराकडून तयार माल घेतात आणि त्याची किंमत रुपयांऐवजी शुद्ध सोन्याच्या वजनात चुकती करतात. बावीस कॅरेटच्या दागिन्यात शेकडा 91.6 भाग शुद्ध सोने असते. त्यावर पुरवठादार ‘घट’ लावतो, म्हणजे घडणावळ, घासकाम व पॉलिशमध्ये उडणारे सोने आणि स्वतःचा नफा मिळून शेकड्यामागे काही भाग अधिक घेतो. घट 4 असेल, तर 100 ग्रॅम दागिन्यांच्या मोबदल्यात दुकानदाराने 95.6 ग्रॅम शुद्ध सोने द्यायचे असते. ‘यापुढे घट साडेपाच’ अशी नोटीस येते तेव्हा वाढ दीड टक्क्याची दिसते. परंतु पुरवठादाराचा वाटा 4 ग्रॅमवरून 5.5 ग्रॅमवर जातो, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक वाढतो.

अशा नोटिशीत बहुधा सोन्याच्या भाववाढीचे कारण दिलेले असते आणि तेच सर्वांत दुबळे असते. घट ग्रॅममध्ये मोजली जात असल्याने भाव चढला की तिची रुपयांतील किंमत आपोआप चढते; त्याच कारणासाठी टक्केवारीही वाढवणे म्हणजे एकच वाढ दोनदा घेणे होय. आयात शुल्काचे कारणही येथे लागू पडत नाही. जुलै 2024 मध्ये केंद्र सरकारने सोन्यावरील शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले, त्याचा परिणाम धातूच्या भावातच सामावला गेला. घडणावळीशी त्याचा संबंध नव्हता.

म्हणून उत्तरात ‘वाढ मान्य नाही’ असे लिहिण्याऐवजी खर्चाची फोड मागणे अधिक उपयोगी ठरते. समजा, सोने ग्रॅमला 9,000 रुपयांवरून 10,000 रुपयांवर गेले. तेव्हा 4 ग्रॅम घटीचे 36,000 रुपये 40,000 झाले आणि नोटीस न देताच पुरवठादाराला 4,000 रुपये अधिक मिळाले. आता त्याच्या फोडीत 100 ग्रॅममागे कारागिरांची मजुरी 16,000 वरून 20,000 झाली, झारेकऱ्याने केरकचरा धुऊन परत मिळवलेले सोने वजा केल्यावर खरोखर उडणारे दीड ग्रॅम सोने 13,500 ऐवजी 15,000 रुपयांचे झाले, आणि भाडे, वीज व अडकलेल्या भांडवलाचे व्याज मिळून 3,500 रुपये वाढले, असे दिसले, तर एकूण खर्चवाढ 9,000 रुपये होते. त्यातील 4,000 भाववाढीनेच भरून निघाले असल्याने उरतात 5,000 रुपये, म्हणजे अर्धा ग्रॅम. मागणी दीड ग्रॅमची होती. हिशेबाने सिद्ध होते ती अर्ध्या ग्रॅमची.

हा अर्धा ग्रॅम नाकारणे अन्यायाचे ठरेल, कारण कारागिराची मजुरी त्यातूनच द्यायची असते. मात्र तो एकदम लागू करणे दुकानदाराला शक्य नसते. लग्नसराईसाठी ग्राहकांशी घडणावळ आधीच ठरलेली असते, त्यामुळे वाढीचा सगळा भार दुकानदाराच्या नफ्यावर पडतो. म्हणून उत्तराचा मजकूर साधारण असा असावा: “आपल्या खर्चाच्या तपशिलानुसार अर्धा टक्का वाढ आम्हास मान्य आहे. नोटिशीपूर्वी स्वीकारलेल्या मागण्या जुन्या घटीनेच पुरवाव्यात. पाव टक्का वाढ तुळशीच्या लग्नानंतरच्या मागण्यांना आणि उरलेली पाव टक्का मकर संक्रांतीनंतरच्या मागण्यांना लागू करावी. शुद्ध सोने माल मिळाल्यापासून सात दिवसांत जमा केल्यास दुसऱ्या टप्प्याचा फेरविचार व्हावा.” शेवटची अट केवळ सवलत मागण्यासाठी नसते; उधारीचे दिवस घटले की पुरवठादाराच्या व्याजाचा बोजा खरोखरच कमी होतो. जुन्या मागण्यांबाबत कायद्याचा आधारही आहे, कारण 1872 च्या भारतीय करार कायद्यातील कलम 62 नुसार ठरलेल्या कराराच्या अटी बदलायच्या तर दोन्ही पक्षांची संमती लागते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एखाद्या नक्षीचे काम एकाच कारखान्यात होत असेल, तर तो फोड द्यायला नकार देऊ शकतो आणि दुकानदाराला वाढ स्वीकारावी लागते. त्याहून मोठा धोका म्हणजे पुरवठादार कागदावर घट कमी करतो आणि मालातून ती वसूल करतो: झाळ अधिक वापरली जाते, किंवा पोकळ दागिन्यातील लाखेचे व मण्यांचे वजन सोन्याच्या वजनात धरले जाते. क्ष-किरण यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचत असल्याने आतली झाळ त्यात पुरेशी दिसत नाही. त्यासाठी एखादा नग वितळवून त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढावा लागतो. नवीन घट लागू झाल्यानंतरच्या पहिल्या खेपेतील एक नग अशा तपासणीसाठी बाजूला ठेवावा आणि लाख-मणी वगळून निव्वळ वजन बिलावर वेगळे लिहून घ्यावे.