करंगळी ठीक होती

रात्री दोन-अडीचला अम्मी उठून बसायची आणि थर्मामीटर झटकावा तसा उजवा हात झटकायची. बोटांना मुंग्या, मग बधिरपणा. कारंज्यात आमच्या घरी तिची शिलाई मशीन वर्षानुवर्षं चालली; घरच्यांनी 'अशक्तपणा' म्हणून विषय संपवला होता.

मी विचारलं, "अम्मी, नेमकी कोणती बोटं?" तिने अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू दाखवली. करंगळी ठीक होती. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी मीडियन नस एवढ्याच बोटांना संवेदना देते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते. झोपेत मनगट दुमडतं, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

डॉक्टरांनी मनगटं मिनिटभर दुमडून धरायला लावली. मुंग्या आल्या, संशय बळावला. त्यांनी साखर आणि थायरॉईड तपासायला सांगितलं, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. करंगळीही बधिर असती, तर कोपर आणि मान तपासावी लागली असती.

सहा आठवड्यांनी अम्मी फजरपर्यंत झोपू लागली. तरी तिच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर मी लक्ष ठेवतो. तो बसू लागला, तर नुसत्या पट्ट्यावर थांबून चालणार नाही.