नळाला पाणी आली

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला ‘माझी गल्ली’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. सोलापुरात गल्लीवर लिहायचे म्हणजे पाण्यावर लिहिणे आलेच. एका मुलीने लिहिले होते : ‘चार दिवसांनी नळाला पाणी आली.’ मी सवयीने ‘आली’खाली लाल रेघ ओढली, वर ‘आले’ लिहिले आणि समासात ‘लिंग!’ असा शेरा मारला. शब्द ईकारान्त आहे. नदी, गाडी, भाकरी यांच्या ओळीत तिने ‘पाणी’ बसवले असणार, असे मी गृहीत धरले.

दहा-बारा ओळींनंतर दुसरे वाक्य आले : ‘आई नळावर असते, तोवर दूध उतू गेली आहेत.’ इथे मात्र माझा हात थांबला. ‘दूध’ ईकारान्त नाही आणि ‘आहेत’ स्त्रीलिंगी एकवचनात बसत नाही. म्हणजे मी निदान चुकीचे केले होते. तिची चूक लिंगाची नव्हती, वचनाची होती.

हे ओळखायला उशीर का झाला, त्याचे कारण मराठी क्रियापदाच्या रूपांत आहे. ‘मुलगी आली’ हे स्त्रीलिंगी एकवचन, आणि ‘मुले आली’ हे नपुंसकलिंगी अनेकवचन. दोन्हीकडे ‘आली’च. ‘ती मुलगी’ आणि ‘ती मुले’ यांतही फरक दिसत नाही, ‘चांगली मुलगी’ आणि ‘चांगली मुले’ यांतही नाही. फरक दिसतो तो सहायक क्रियापद आल्यावर : ‘मुलगी आली आहे’, ‘मुले आली आहेत’. उलट बाजूनेही तसेच. ‘पाणी आले’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘लोक आले’ हे पुल्लिंगी अनेकवचन लिहिताना एकच दिसतात. बोलताना आपण ‘पाणी आलं’ आणि ‘लोक आले’ असे वेगळे उच्चारतो. लेखी मराठीने तो अनुस्वार काढून घेतला आणि दोघांना एका वेषात उभे केले. त्यामुळे परक्या वाक्यातले वचन तपासायचे असेल तर ‘आहे’ की ‘आहेत’ हे पाहावे. तोच खरा साक्षीदार.

मुलीला बोलावून विचारले, ‘बाळ, घरी कोणती भाषा बोलता?’ ती म्हणाली, ‘तेलुगू, सर.’ पूर्व भागातल्या, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या घरातली ती मुलगी. ‘मग पाणी आलं हे घरी कसं सांगतेस?’ ती लाजत म्हणाली, ‘नीळ्ळु वच्चायि.’ दूध उतू जाणे? ‘पालु पोंगायि.’ मी तेलुगू जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून खात्री करून घेतली. तेलुगूत ‘नीरु’ असे एकवचन आहे, पण रोजच्या बोलण्यातले पाणी म्हणजे ‘नीळ्ळु’, आणि ते अनेकवचन. दूध म्हणजे ‘पालु’, तेही अनेकवचनच. पाणी एकवचनी असते तर ‘वच्चिंदि’ म्हणावे लागले असते. ‘वच्चायि’ हे अनेकांसाठीचे रूप. मुलीने तेलुगू वाक्याचे वचन प्रामाणिकपणे मराठीत आणले होते, आणि मराठीचा नियमही अचूक पाळला होता : नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन असेल तर ‘आली आहेत’. तिला मराठी येत नव्हती असे नाही. मराठी पाणी एकवचनी असते एवढी एकच गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, कारण मराठी घरात ती कोणाला सांगावी लागत नाही. तिच्या बाकावरची कन्नड घरातली मैत्रीण ही चूक करणार नाही. तिच्या घरी ‘नीरु बंतु’, एकवचनीच. एका गल्लीत, एकाच नळाला येणारे पाणी दोन घरांत एक असते आणि तिसऱ्या घरात अनेक.

त्या वेळी मला माझे अकरावीचे दिवस आठवले. इंग्रजीच्या पेपरात मी ‘न्यूज आर’ असे लिहिले होते आणि माझ्याही वाक्याखाली अशीच लाल रेघ आली होती. मराठीत बातमी एक असते, बातम्या अनेक असतात. सायंकाळी रेडिओवर आपण बातम्या ऐकतो. ‘न्यूज’च्या शेवटी अनेकवचनाचा ‘स’ ऐकू येतो, मग क्रियापद अनेकवचनी नको काय? पुढे कळले की हा शब्द मुळात ‘नव्या गोष्टी’ अशा अर्थाचे अनेकवचनच होते आणि शेक्सपियरच्या नाटकांत तो दोन्ही वचनांत येतो. चारशे वर्षांपूर्वी माझे गुण कापले गेले नसते. ‘पीपल’चा प्रवास उलट झाला. समूहवाचक एकवचनी लॅटिन शब्दातून तो आला आणि आता क्रियापद अनेकवचनी मागतो. ‘डेटा’ हे लॅटिनमधले अनेकवचन. त्याच्या एकवचनाचा अर्थ ‘दिलेले’, आपल्या ‘दत्त’ शब्दाचा तो दूरचा भाऊबंद. आज इंग्रजीत शास्त्रीय निबंधांतून तो बहुधा अनेकवचनी, तर वर्तमानपत्रांतून बहुधा एकवचनी चालतो. मराठीत येताना त्याने ही भानगड दाराबाहेर ठेवली. आपला ‘डेटा संपला’, जसा पैसा संपतो. पण ‘आंबा’प्रमाणे आकारान्त असूनही त्याचे ‘डेटे’ होत नाहीत.

महाविद्यालयात नॅकचे काम चालू होते तेव्हा ‘क्रायटेरिया’ या शब्दाशी असाच संबंध आला. तेव्हाच्या आराखड्यात सात निकष होते आणि एकेक निकष एकेका प्राध्यापकाकडे सोपवला होता. त्यामुळे स्टाफरूममध्ये ‘क्रायटेरिया तीन कोणाकडे आहे?’ असे सर्रास विचारले जाई. इंग्रजीचे सहकारी दर वेळी कळवळून सांगत, ‘अहो, एक असेल तर क्रायटेरियन!’ कोणी ऐकत नसे. हे मूळ ग्रीक अनेकवचन मराठी कानाला ‘दरवाजा’सारखे एकवचनीच वाटते. मी त्यांना म्हटले, आपला ‘निकष’ तरी काय वेगळा! सोने घासून पाहायचा दगड हा त्याचा मूळ अर्थ. निकष एक असो वा सात, शब्द हलत नाही. ‘निकष पूर्ण झाला’, ‘निकष पूर्ण झाले’. वचन सारे क्रियापदावर. आणि पुढे प्रत्यय लागला की ‘निकषाची पूर्तता’ आणि ‘निकषांची पूर्तता’ यांत केवळ एका टिंबाचा फरक उरतो. अहवालात ते टिंब टंकलेखनात गळले आणि सातांच्या जागी एकाच निकषाची पूर्तता झाल्याचे वाक्य आम्हीच सही करून पुढे पाठवणार होतो. शेवटच्या वाचनात ते सापडले.

तेलुगू मुलीच्या पाण्याने माझे लक्ष आपल्याच घरातल्या धान्याकडे वळवले. सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा मथळा येतो : ‘कांदा गडगडला’. गोण्या हजारोंनी, पण कांदा एक. तोच कांदा घरी आला की आपण ‘चार कांदे चिरतो’. शेतात हरभरा पेरतात, स्वयंपाकघरात हरभरे भिजत घालतात. गहू बाजारात ‘महागला’, आणि सुपात घेतला की गहू ‘निवडले’. पेरणारा आणि विकणारा ढीग पाहतो, म्हणून एकवचन. निवडणारी आणि चिरणारी दाणा पाहते, म्हणून अनेकवचन. ज्वारी मात्र ढिगातही ज्वारीच आणि सुपातही ज्वारीच. दाणे दिसत असूनही तिला कोणी अनेकवचनी करत नाही. म्हणजे वस्तूचा आकार वचन ठरवतो, असे म्हणावे तर ज्वारी आडवी येते. व्यवहार ठरवतो म्हणावे तर तेलुगूतले दूध आडवे येते. वस्तूकडे पाहून वचनाचा अंदाज बांधता येतो, पण शेवटचा शब्द त्या भाषेच्या रूढीचा.

आता राहिला तो शब्द, ज्याच्यावर आपण मराठीचे शिक्षक सर्वाधिक लाल शाई खर्च करतो : ‘लोक’. ‘माणसे’ या अर्थी तो नित्य अनेकवचनी. ‘शंभर लोक’ होतात, ‘एक लोक’ होत नाही. एकाच्या जागी ‘माणूस’ आणावा लागतो, जसे इंग्रजीत ‘पीपल’ एकटा पडू शकत नाही. एकवचनी ‘लोक’ आहे, पण तो परलोक, मृत्युलोक यांतला, जगाच्या अर्थाचा. मुले मात्र ‘लोकं आली’ असे लिहितात आणि आपण खोडतो. नियम बरोबर आहे. अकारान्त पुल्लिंगी शब्दाचे प्रथमेचे रूप अनेकवचनात बदलत नाही : एक दगड, दहा दगड. म्हणून ‘लोक आले’.

पण ‘लोकं’ म्हणणारा निव्वळ गोंधळलेला असतो असे मला आता वाटत नाही. ज्या शब्दाच्या अंगावर अनेकवचनाची खूणच नाही, त्याला तो ‘घरं’, ‘माणसं’ यांच्यासारखी खूण लावतो. आणि ती खूण लावताच शब्द नपुंसकलिंगाकडे सरकतो, म्हणून क्रियापदही ‘आली’. ते त्याचे तो चुकवत नाही. शिवाय मराठीत पुरुष ‘आले’, बायका ‘आल्या’, पण दोन्ही मिळून ‘माणसं आली’. मिश्र समूहाला नपुंसकलिंग देण्याची आपली जुनी रीत आहे. बायका आणि पुरुष दोघे ज्यात आहेत, असा समूह पुल्लिंगी ‘लोक’पेक्षा ‘लोकं’मध्ये बोलणाऱ्याला अधिक नीट मावत असावा. लेखी प्रमाण मराठीत मी ‘लोक’च लिहितो आणि विद्यार्थ्यांकडूनही तीच अपेक्षा ठेवतो. मात्र समासात ‘अशुद्ध’ लिहून थांबत नाही; ‘बोलीत चालते, लेखनात लोक आले’ असे लिहितो. चार शब्द अधिक लागतात, एवढेच.

त्या मुलीच्या वहीतला ‘लिंग!’ हा शेरा मी तिच्यासमोरच खोडला. ‘आली’चे ‘आले’ तसेच ठेवले, कारण मराठीत ते बदलावेच लागते. शेजारी लिहिले : ‘मराठीत पाणी व दूध एकवचनी. तेलुगूत अनेकवचनी.’ तिने ते वाचले आणि विचारले, ‘सर, मग ताक?’ तेलुगूतले ताक कोणत्या वचनात असते, हे मला माहीत नव्हते. मी म्हणालो, ‘ते आता तूच घरी विचारून ये.’ दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिच्या वहीत दोन रकाने आखलेले होते, एक तेलुगूचा, एक मराठीचा, आणि ताकापाशी ती थांबलेली नव्हती.