बांधीतलं भोक

रोवणी आटोपून आठवडा झाला. भाच्याला सकाळी पाळीवर फेरी मारायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, पाऊस आहेच की." म्हणजे असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी! गोंदियाच्या धानपट्ट्यात मात्र हरी पाणी देतो, ते अडवून धरायचं काम पाळीचं असतं.

आज त्याला बांधीवर नेलं. खेकड्यानं पाळीला बोटभर भोक पाडलं होतं. कडेचा चिखल ओला, पण बांधीत पाण्याचा पत्ता नाही. काल ते भोक ओंजळभर चिखलानं बुजलं असतं. आज कडा ढासळून फावडं लागलं. तेही एक वेळ परवडलं. खरी गंमत पुढे आहे. चार बोटं पाणी उभं असलं की गवताचं बी सहसा उगवत नाही. चिखल उघडा पडला की धानाबरोबर तेही वर येतं, आणि कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. मग वाकून निंदण!

"आळशाला दुप्पट काम," तो स्वतःच पुटपुटला. मी गप्प राहिलो. पोरं स्वतः म्हणतात तेव्हा आपण म्हणू नये.

"मामा, पलीकडच्या पाळीलाही भोक असेल?"

फावडं त्याच्याच हातात होतं.